कॅथेटर घातलेले आणि न घातलेले: एका प्रोपेन्सिटी स्कोरचे प्रकरण

आयसीयूतल्या ५७३५ गंभीर रुग्णांची एक फाइल आहे. त्यांतल्या २१८४ जणांना पहिल्या चोवीस तासांत उजव्या हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत जाणारा कॅथेटर घातला गेला, उरलेल्या ३५५१ जणांना नाही. कॅथेटर घातलेल्यांपैकी ८३० जण तीस दिवसांच्या आत दगावले, म्हणजे ३८.० टक्के. न घातलेल्यांपैकी १०८८, म्हणजे ३०.६ टक्के. दगावलेले भागिले वाचलेले हे गुणोत्तर दोन्ही गटांत काढून एकाला दुसऱ्याने भागले, म्हणजेच ऑड्स रेशो काढला, तर साधारण १.३९ येतो. आता कॅथेटरने माणसे मारली, की आधीच मरणाच्या दारात असलेल्यांना कॅथेटर घातला गेला?

हे खरे प्रकरण आहे. अमेरिकेतल्या पाच शिकवणाऱ्या रुग्णालयांत १९८९ ते १९९४ या काळात ‘सपोर्ट’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या रुग्णांवर आधारलेला कॅथेटरबद्दलचा निबंध सप्टेंबर १९९६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. माहिती आजही rhc नावाने कोणालाही उतरवून घेता येते. रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवरून उपचाराचा परिणाम शोधायला निघालेल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला मी आधी हीच फाइल देतो. सॉफ्टवेअर शिकण्यासाठी नव्हे, ते दोन तासांत येते. ही पद्धत काय देते आणि काय देऊच शकत नाही हे या एका फाइलमध्ये जितके स्वच्छ दिसते, तितके दुसरीकडे मला क्वचितच दिसले.

एक खुलासा आधीच करतो. ‘सपोर्ट’ची माहिती पुढे जाता जाता, ठरवून गोळा केली होती, त्या अर्थाने ती जुन्या केसपेपरांतून उकरलेली नाही. पण ती गोळा झाली ती गंभीर आजारी माणसांचे निर्णय आणि आयुष्याचा अखेरचा काळ समजून घेण्यासाठी. कॅथेटरचा प्रश्न त्या माहितीला नंतर विचारला गेला, आणि कॅथेटर कोणाला घालायचा हे कुठल्याही योजनेने ठरवलेले नव्हते, ते खाटेपाशी उभ्या डॉक्टरने ठरवले होते. आपल्यापुढच्या अडचणी नेमक्या इथूनच सुरू होतात, म्हणून हे प्रकरण आपलेच समजून वाचावे.

कॅथेटरची पार्श्वभूमी थोडक्यात. टोकाला छोटा फुगा असलेली ही नळी मोठ्या शिरेतून आत सोडतात. रक्ताच्या प्रवाहाबरोबर फुगा पुढे जातो आणि टोक फुप्फुसाच्या धमनीत पोचते. तिथून दाब मोजता येतात, हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते ते कळते. स्वान आणि गँझ यांनी १९७० मध्ये हे तंत्र मांडले आणि पुढच्या वीस वर्षांत ते आयसीयूचा अविभाज्य भाग झाले. रुग्ण शॉकमध्ये आहे, सलाइन द्यायचे की थांबवायचे कळत नाही, अशा वेळी आकडा हाती असणे कोणाला नको वाटेल? हा विश्वास इतका पक्का होता की कॅनडात चिठ्ठ्या टाकून चाचणी करण्याचा एक प्रयत्न बारगळला. आपल्या रुग्णाला कॅथेटर मिळेल की नाही हे नशिबावर सोडायला डॉक्टर तयार होईनात. मग हातात उरल्या त्या नोंदी.

आता दोन गट शेजारी ठेवून बघू. कॅथेटर न घातलेल्यांचा पहिल्या दिवशीचा सरासरी रक्तदाब ८४.९ होता, घातलेल्यांचा ६८.२. रक्तातला ऑक्सिजन आणि दिलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण यांचे गुणोत्तर न घातलेल्यांत सुमारे २४१, घातलेल्यांत १९२. आजाराची तीव्रता मोजणारा अपाचे गुणांक ५०.९ विरुद्ध ६०.७. तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात: कॅथेटर अधिक आजारी माणसाला घातला गेला. कमी रक्तदाब हेच कॅथेटरचे कारण, आणि तेच मरणाचेही. उपचाराच्या कारणातूनच घुसलेला हा गोंधळ आहे, आणि रुग्णालयाच्या नोंदींत तो अपघात नसून नियम असतो. चांगला डॉक्टर आजारी माणसालाच जास्त उपचार देतो.

पण सगळा गोंधळ एकाच दिशेने ओढत नाही, आणि हे सहसा सुटून जाते. पहिल्याच दिवशी ‘पुन्हा जिवंत करण्याचे प्रयत्न करू नका’ असा शेरा असलेले रुग्ण न घातलेल्या गटात १४.१ टक्के होते, घातलेल्या गटात फक्त ७.१ टक्के. हे रुग्णही लवकर जाणारे, पण त्यांना कॅथेटर घातला जात नाही, कारण घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून तसे ठरवलेले असते. हा शेरा हिशोबात धरला नाही, तर कॅथेटर उगाच चांगला दिसेल. ‘जास्त आजारी म्हणून जास्त मृत्यू’ एवढे सरळ गणित मनात धरून बसलो, तर नुसता रक्तदाब आणि अपाचे घेऊन आपण काम उरकू आणि ही उलटी ओढ तशीच राहील.

प्रोपेन्सिटी स्कोर ही कल्पना रोझेनबाउम आणि रुबिन यांनी १९८३ मध्ये मांडली. ती अशी. प्रत्येक रुग्णाबद्दल उपचाराआधी जे माहीत होते, ते सगळे घेऊन त्याला उपचार मिळण्याची शक्यता किती होती ते काढायचे. ते एक शून्य ते एक यांमधले संख्यारूप. कॅथेटर मिळो न मिळो, ज्या दोघांचा स्कोर सारखा आहे, त्यांच्या बाबतीत मोजलेल्या गोष्टींपुरता निर्णय जवळपास नाणे उडवल्यासारखा मानता येतो. समजा दोन रुग्ण आहेत. एक चौसष्ट वर्षांचा, जंतुसंसर्गातून शॉकमध्ये गेलेला, रक्तदाब ६०. दुसरा एकोणसाठचा, अवयव निकामी होत चाललेले, रक्तदाब ६६ पण क्रिएटिनिन बरेच जास्त. दोघांचा स्कोर ०.६२. पहिल्याला कॅथेटर मिळाला, दुसऱ्याला नाही. ते दोघे सारखे नाहीत, हे लक्षात घ्या. तरी अशा पुष्कळ जोड्या जमल्या की एका बाजूची वये आणि रक्तदाब दुसऱ्या बाजूच्या वयांना आणि रक्तदाबांना मिळतेजुळते होतात. स्कोर माणसाची माणसाशी बरोबरी करत नाही, गटाची गटाशी करतो.

‘मोजलेल्या गोष्टींपुरता’ हा शब्दप्रयोग वर सहज येऊन गेला. पुढचे सगळे त्याच्यावरच उभे आहे.

स्कोर काढण्याआधी काळाची रेघ मारावी लागते. समजा आपण ‘रुग्णालयातल्या मुक्कामात कधीही कॅथेटर घातला’ असा गट केला असता. पाचव्या दिवशी कॅथेटर मिळालेला रुग्ण पाच दिवस जगला होता, म्हणूनच त्या गटात आला. दुसऱ्या दिवशी वारलेल्याला कॅथेटर मिळण्याची वेळच आली नाही, तो आपोआप दुसऱ्या गटात गेला. असे केले तर कॅथेटरच्या खात्यात फुकटचे जिवंत दिवस जमा होतात आणि जगातला कोणताही स्कोर ते परत काढू शकत नाही. या अभ्यासात रेघ नीट मारली होती: पहिल्या चोवीस तासांत घातला की नाही, एवढाच प्रश्न. नंतर कधी घातला असेल तर तो रुग्ण ‘न घातलेल्या’ गटातच राहतो. त्यामुळे दोन गटांतला फरक थोडा पातळ होतो, पण फुकटचे दिवस मिळत नाहीत. हा व्यवहार पत्करण्याजोगा आहे. जुन्या नोंदींवर काम करताना माझ्याकडे येणाऱ्या आराखड्यांत सर्वांत जास्त चुका याच पायरीवर असतात, आणि स्कोरच्या सगळ्या तक्त्यांत त्या अदृश्य राहतात. समतोल उत्तम दिसतो, उत्तर चुकीचे असते.

रेघ चोवीस तासांची असली तरी एक फट उरते. रक्तदाब ‘पहिल्या दिवशीचा’ आहे, कॅथेटरही ‘पहिल्या दिवशीचा’ आहे. आधी कोण? सकाळी दहाला नळी घातली आणि नोंदलेला रक्तदाब दुपारचा असेल, तर आपण उपचारानंतरची गोष्ट उपचाराआधीची म्हणून वापरतो आहोत. दिवसाच्या पातळीवरच्या नोंदीत हे सुटत नाही. आज संगणकीय नोंदींत तास-मिनिटे असतात, तिथे उपचाराच्या क्षणाआधीची शेवटची नोंद उचलावी.

आता यादी. कोणत्या गोष्टी स्कोरमध्ये घ्यायच्या? इथे संख्याशास्त्रज्ञाने खुर्ची सोडून आयसीयूत जायला हवे. मी एक काम नेहमी करून घेतो. फाइल उघडण्याआधी, जो हे कॅथेटर स्वतः घालतो त्या डॉक्टरला कोरा कागद देतो आणि विचारतो, ‘तुम्ही कॅथेटर कधी घालता? आणि घालावासा वाटूनही कधी घालत नाही?’ एकदा अशाच बैठकीत एका ज्येष्ठ अतिदक्षता तज्ज्ञ मॅडमनी जवळजवळ लगेच उत्तर दिले: ‘दोन लिटर सलाइन देऊनही दाब वर येत नाही तेव्हा. नॉरअॅड्रेनालिनचा डोस वाढवत चाललोय तेव्हा. लघवी थांबली तेव्हा.’ मग थोडे थांबून म्हणाल्या, ‘आणि रात्री दोन वाजता एकटा ज्युनिअर असेल तर नाही.’

हा कागद फाइलच्या शेजारी ठेवला की प्रकरण उलगडायला लागते. फाइलमध्ये वय, लिंग, मुख्य आजार, जुने आजार, अपाचे, नाडी, श्वास, ताप, रक्ताच्या तपासण्या, तो शेरा, अगदी विमा आणि उत्पन्नसुद्धा आहे. किती सलाइन दिले आणि दाब किती चढला, हे नाही. रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाचा डोस नाही. लॅक्टेट नाही. लघवीचा रकाना आहे, पण निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत रिकामा. मॅडमनी सांगितलेली पहिली तीन कारणे, आणि तिन्ही या पन्नासएक रकान्यांत नाहीत किंवा अर्धवट आहेत. रक्तदाब ६५ असलेले दोन रुग्ण या फाइलला सारखे दिसतात. त्यातला एक औषधाशिवाय ६५ वर आहे, दुसरा दोन औषधांच्या जोरावर. खाटेपाशी उभ्या माणसाला हे दोघे कधीच सारखे दिसत नाहीत.

चौथे कारण, रात्रीच्या ज्युनिअरचे, वेगळ्या जातीचे आहे. ते कॅथेटर मिळणे ठरवते, पण मृत्यूशी त्याचा थेट संबंध नसेल तर स्कोरमध्ये त्याला घेऊ नये. अशा गोष्टी घातल्या की मॉडेल उपचाराचा अंदाज फार छान बांधते, दोन गट एकमेकांपासून दूर जातात, जोड्या मिळेनाशा होतात आणि न मोजलेल्या गोंधळाचा परिणाम उलट वाढतो. म्हणूनच ‘आमच्या मॉडेलचा सी-स्टॅटिस्टिक ०.९ आहे’ हे वाक्य प्रोपेन्सिटीच्या निबंधात कौतुकाने छापलेले दिसले की मी थबकतो. इथे अंदाज बरोबर येणे हे ध्येयच नाही. ध्येय आहे समतोल.

रकाने निवडले तरी त्यांतले आकडे जसेच्या तसे गिळू नयेत. अल्ब्युमिनचा रकाना उघडून नुसता हिस्टोग्राम काढा. ३.५ या एकाच आकड्यावर प्रचंड मोठा खांब उभा राहतो. ऑक्सिजनच्या गुणोत्तरात तसाच खांब ३३३.३ वर. इतक्या माणसांचे अल्ब्युमिन नेमके ३.५ असू शकत नाही. जिथे तपासणी झाली नाही तिथे ‘नॉर्मल’ आकडा भरलेला आहे. ही पद्धत त्या अभ्यासाने उघडपणे वापरली होती आणि तिच्यामागे तर्कही आहे: तपासणी मागवली नाही म्हणजे डॉक्टरला तिथे काळजी वाटली नाही. पण मग त्या ३.५ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या, खरेच ३.५ असलेले आणि न तपासलेले. ‘तपासले की नाही’ असा वेगळा रकाना करून तोही स्कोरमध्ये द्यावा, कारण तपासणी मागवणे हाच मुळी आजारपणाचा आणि लक्ष देण्याचा एक खूण-निर्देश आहे. वजनाच्या रकान्यात तर पाचशेहून अधिक रुग्णांचे वजन 0 किलो आहे. ते शून्य कोणी तपासले नाही तर स्कोर काढणारे लॉजिस्टिक रिग्रेशन मुकाट्याने त्याला वजन समजते.

एवढे झाल्यावर कोड मात्र लहानच असतो. R मध्ये MatchIt वापरून, यादी मुद्दाम छाटून, असा:

```r
library(MatchIt)
rhc$treat <- as.integer(rhc$swang1 == "RHC")
m <- matchit(treat ~ age + sex + aps1 + meanbp1 +
               pafi1 + crea1 + dnr1,
             data = rhc, method = "nearest",
             distance = "glm", link = "linear.logit",
             caliper = 0.2, exact = ~ cat1)
summary(m, un = TRUE)
```

`exact = ~ cat1` म्हणजे जोडी त्याच मुख्य आजारातली हवी. यकृताच्या सिऱ्हॉसिसला कोमाच्या रुग्णाशी जोडायचे नाही, स्कोर कितीही जुळो. `caliper = 0.2` म्हणजे दोघांच्या स्कोरच्या लॉजिटमधले अंतर त्या लॉजिटच्या प्रमाण विचलनाच्या ०.२ पट एवढ्याच्या आत हवे. त्या पलीकडे जोडीदार सापडला नाही तर रुग्ण बाजूला पडतो. मृत्यूचा रकाना इथे कुठेही नाही, आणि तो नसणेच महत्त्वाचे. जोड्या लावताना, यादी बदलताना, कॅलिपर घट्ट-सैल करताना निकाल झाकलेला राहिला पाहिजे. निकाल बघून जोड्या बदलायला लागलो, की हवे ते उत्तर मिळेपर्यंत बदलत राहण्याचा मोह कोणालाच चुकत नाही.

समतोल कसा तपासायचा ते एका रकान्यावर करून दाखवतो. रक्तदाबाची सरासरी ८४.८७ आणि ६८.२०, फरक १६.६७. प्रमाण विचलने ३८.८७ आणि ३४.२४. दोन्हींचे वर्ग करून सरासरी घेतली आणि वर्गमूळ काढले की ३६.६ येते. १६.६७ ला ३६.६ ने भागले, ०.४५५. हा प्रमाणित फरक. जोड्या लावल्यावर तो ०.१ च्या खाली यावा अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. इथे p-मूल्य वापरू नये: जोड्या लावताना रुग्ण कमी होतात, संख्या कमी झाली की p आपोआप मोठे होते आणि समतोल सुधारला नसतानाही सुधारल्यासारखा दिसतो. शिवाय नुसत्या सरासऱ्या जुळून भागत नाही. या फाइलमध्ये रक्तदाबाला दोन उंचवटे आहेत, एक फार कमी दाबाच्या रुग्णांचा आणि एक जास्त दाबाच्यांचा. सरासरी सारखी करून उंचवटे वेगळेच राहू शकतात. म्हणून दोन्ही गटांचे आलेख एकावर एक ठेवून डोळ्यांनी बघावेत, आणि जुळत नसतील तर रक्तदाबाचा वक्र किंवा वर्गपद मॉडेलमध्ये घालून पुन्हा जोड्या लावाव्यात. या फेऱ्या चार-पाच वेळा झाल्या तर त्यात गैर काही नाही, कारण निकाल अजून झाकलेलाच आहे.

मूळ अभ्यासात अशा १००८ जोड्या लागल्या. इथे थांबून वजाबाकी करा. कॅथेटर घातलेले २१८४, जोडीदार मिळालेले १००८. ११७६ जण, निम्म्याहून जास्त, तुलनेतून बाहेर गेले. कोण होते ते? बहुतेक ज्यांचा स्कोर फार वर होता, ज्यांच्यासारखा रुग्ण दिसला की जवळपास प्रत्येक डॉक्टरने कॅथेटर घातला, असे. त्यांना जोडीदार मिळत नाही, कारण तसा न घातलेला रुग्ण फाइलमध्ये जवळपास नाहीच. म्हणजे १००८ जोड्यांतून येणारे उत्तर ‘कॅथेटर घातलेल्या रुग्णांना’ लागू नाही. ते लागू आहे त्या मधल्या रुग्णांना, ज्यांच्या बाबतीत एक डॉक्टर घालेल आणि दुसरा नाही. हा प्रश्न वाईट नाही, उलट बऱ्याचदा तोच खरा प्रश्न असतो. पण निबंधाच्या निष्कर्षात तो तसाच लिहिला पाहिजे, आणि टाकलेल्या ११७६ जणांचा वेगळा तक्ता द्यायला हवा. मी परीक्षण करतो त्या लेखांत हा तक्ता क्वचितच असतो.

कोणालाच टाकायचे नसेल तर वजने देता येतात. स्कोर ०.०५ असूनही कॅथेटर मिळालेल्या रुग्णाला १ भागिले ०.०५, म्हणजे २० वजन मिळते. तो एकटा वीस जणांच्या वतीने बोलतो. तो चुकून चुकीच्या रकान्यात नोंदला गेलेला असेल, तर ती एक चूक वीस पटीने मोजली जाते. ओव्हरलॅप वजने हे टाळतात: त्याच रुग्णाला १ वजा ०.०५, म्हणजे ०.९५ मिळते, आणि ०.०५ स्कोरच्या न घातलेल्याला ०.०५. वजन कधीच एकच्या वर जात नाही आणि भर पुन्हा मधल्या रुग्णांवर पडतो. या फाइलवर मी आज काम केले तर हीच वजने वापरेन, कारण निम्मे रुग्ण फेकून न देता जवळपास तोच प्रश्न विचारता येतो.

निकाल उघडला तेव्हा जोड्यांमध्ये तीस दिवसांच्या मृत्यूचा ऑड्स रेशो १.२४ आला, विश्वासमर्यादा १.०३ ते १.४९. कच्चा आकडा १.३९ होता. लॉगच्या मापात पाहिले तर मोजलेल्या गोष्टींचा समतोल साधल्याने फरकाचा सुमारे एक तृतीयांश भाग गळून गेला, दोन तृतीयांश उरला. उरलेला कॅथेटरचा, की न मोजलेल्या सलाइनचा आणि औषधांच्या डोसचा? आकड्यात याचे उत्तर नाही. दिशा मात्र विचार करायला लावते: जे मोजले त्याने आकडा एककडे ओढला, आणि जे मोजले नाही तेही याच जातीचे आहे.

मूळ निबंधाच्या लेखकांनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांनी हिशोब करून सांगितले की कॅथेटर खरोखर फायद्याचा असूनही अपायकारक दिसायचा असेल, तर न मोजलेल्या घटकाने मृत्यूचा धोका सहापट आणि कॅथेटर मिळण्याची शक्यताही सहापट करायला हवी. हे ‘सहापट’ वाचून बरेच जण निश्चिंत झाले. पण प्रश्न काय विचारला होता ते बघा: फायदा उलटून अपाय दिसण्यासाठी किती लागेल. वेगळा प्रश्न असा की कॅथेटर फायद्याचाही नाही आणि अपायाचाही नाही, तरी १.२४ दिसायला किती लागेल? आज वापरात असलेल्या ई-मूल्याने हे काढता येते. मृत्यू इथे दुर्मीळ नसल्याने आधी ऑड्स रेशोचे वर्गमूळ घेऊन त्याला जोखीम-गुणोत्तर मानायचे:

```
RR = sqrt(1.24) = 1.11
E  = RR + sqrt(RR * (RR - 1)) = 1.47
```

म्हणजे दोन्ही बाजूंनी दीडपटीच्या आसपासचा एक न मोजलेला घटक पुरतो. विश्वासमर्यादेच्या खालच्या टोकाला, १.०३ ला, हेच सूत्र लावले तर १.१४ येते. दोन औषधांवर असलेल्या शॉकच्या रुग्णाचा मृत्यूचा धोका औषध नसलेल्यापेक्षा दीडपट असणे, आणि त्याला कॅथेटर मिळण्याची शक्यता दीडपट असणे, यात कोणाला आश्चर्य वाटेल? मॅडमना मी हा आकडा सांगितला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘दीडपट? अहो, तेवढे तर नुसत्या सलाइनच्या रिस्पॉन्समध्ये असेल.’ सहापट आणि दीडपट हे एकमेकांना खोटे ठरवत नाहीत, प्रश्न वेगळे आहेत, गृहीतकेही वेगळी आहेत. पण निबंधातून एकच आकडा उचलून पुढे सांगितला गेला.

या निबंधाने मोठी खळबळ उडाली, कॅथेटर थांबवावा की काय इथपर्यंत चर्चा गेली, आणि त्यातून एक फार चांगली गोष्ट झाली: ज्या चाचण्या पूर्वी करता आल्या नव्हत्या, त्या झाल्या. ब्रिटनमधल्या ‘पॅक-मॅन’ चाचणीत १०४१ रुग्ण होते. २००५ मध्ये निकाल आला: रुग्णालयातले मृत्यू कॅथेटर गटात ६८ टक्के, दुसऱ्या गटात ६६ टक्के, फरक सिद्ध होत नाही. त्याच वर्षी तेरा चाचण्यांतल्या ५०५१ रुग्णांचा एकत्र हिशोब प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूचा ऑड्स रेशो १.०४ होता, मर्यादा ०.९० ते १.२०. फुप्फुसाच्या गंभीर इजेच्या १००० रुग्णांवरची अमेरिकी चाचणी २००६ मध्ये आली, साठ दिवसांचे मृत्यू २७.४ आणि २६.३ टक्के.

यावरून ‘प्रोपेन्सिटी स्कोर चुकला’ असे म्हणणारे भेटतात आणि मला ते पटत नाही. १.०३ ते १.४९ आणि ०.९० ते १.२० या मर्यादा एकमेकींवर चढतात. रुग्ण वेगळे, काळ वेगळा, दहा वर्षांत आयसीयूची वैद्यकीही बदललेली. शिवाय दोन्हीकडून एक गोष्ट एकसारखीच दिसली, जी १९९० मध्ये कोणी मानायला तयार नव्हते: कॅथेटरने जीव वाचतात हे कुठेच दिसत नाही. नोंदींनी तिथपर्यंत बरोबर नेले. ‘अपाय करतो’ हे पुढचे पाऊल मात्र न मोजलेल्या डोसवर आणि सलाइनवर टेकलेले होते, आणि चिठ्ठ्या टाकून सगळे न मोजलेलेही दोन्हीकडे सारखे वाटले गेल्यावर ते पाऊल टिकले नाही.

माझ्याकडे या फाइलवर काम केलेल्या एका पीजी विद्यार्थिनीने प्रबंधासाठी आपल्या विभागाच्या नोंदी घेतल्या तेव्हा तिने आधी तो कोरा कागद पाच डॉक्टरांकडून वेगवेगळा भरून घेतला. एकूण अकरा कारणे निघाली. त्यांतली चार नोंदींत कुठेच नव्हती, दोन नर्सच्या हाताने लिहिलेल्या तक्त्यांत होती. ती तीन महिने ते तक्ते बसून टंकत होती. स्कोर काढायला तिला एक दुपार लागली.